ब्रेक ऑइलमध्ये मुरणारे पाणी

घाट उतरून आलेल्या गाडीच्या बाबतीत एक तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. खाली पोचता पोचता ब्रेकचे पेडल अचानक मऊ लागले, पाय जवळजवळ तळाला टेकला आणि गाडी थांबता थांबेना. घाबरत घाबरत गाडी बाजूला घेतली, तासाभराने पुन्हा पेडल दाबून पाहिले तर ते पहिल्यासारखे कडक. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने चाके उघडून पाहिली. पॅड शाबूत, गळती कुठेच नाही, टाकीतली पातळी बरोबर. दोष सापडत नाही आणि गाडी तशीच परत घरी येते.

यात मेकॅनिकचे निदान चुकलेले नसते. गाडी त्याच्यासमोर आली तेव्हा दोष खरोखरच नाहीसा झालेला असतो, कारण तो वाफेचा होता आणि गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होऊन ते ब्रेक ऑइलमध्ये विरघळून गेले. हे पाणी तिथे कसे आले, ते अडवता का येत नाही आणि त्याला किती दिवस थारा द्यायचा, हे नीट समजले तर ब्रेक ऑइलच्या बाटलीवरचे आकडे आणि ते बदलण्याची मुदत या दोन्हींचा अर्थ आपोआप लागतो.

पायाचा जोर चाकापर्यंत

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि बारीक नळ्यांमध्ये भरलेल्या द्रवावर दाब येतो. द्रव दाबला तरी आकुंचन पावत नाही, म्हणून तोच दाब चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोचतो. तिथला दट्ट्या पॅडला डिस्कवर आवळतो. मागच्या चाकांना ड्रम असेल तर हेच काम तिथला छोटा व्हील सिलिंडर करतो. या सगळ्या व्यवस्थेचा भार एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे नळीत द्रवाशिवाय दुसरे काही नसणे. हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा मध्ये आला तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन ऑइल सतत फिरत असते, ब्रेक ऑइल फिरत नाही. प्रत्येक वेळी ते काही मिलिलिटर पुढे सरकते आणि पाय उचलला की तेवढेच मागे येते. कॅलिपरमध्ये आज असलेले द्रव कोणी मुद्दाम काढेपर्यंत महिनोन् महिने तिथेच राहते. पुढच्या बऱ्याचशा गोष्टी या साध्या वस्तुस्थितीतून निघतात.

आपण याला ब्रेक ऑइल म्हणत असलो तरी आजच्या बहुतेक गाड्यांतल्या या द्रवात तेल नसते. अमेरिकेत १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक आले. त्या सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण ब्रेकमध्ये वापरले जाई. रबराला एरंडेल मानवत असे, पण अल्कोहोल फार लवकर उकळे. गाड्या जड आणि वेगवान झाल्या तसे ते मागे पडले आणि ग्लायकॉल ईथर या वर्गातली कृत्रिम रसायने आली. आज आपल्या गाडीत असते ते हेच.

पाणी येते कुठून

ग्लायकॉल ईथरच्या रेणूंमध्ये जागोजागी ऑक्सिजनचे अणू असतात आणि पाण्याच्या रेणूंना त्यांची ओढ असते. हायड्रोजन बंधाने पाण्याचा रेणू त्यांना चिकटतो आणि मिश्रणात सामावून जातो. पावसाळ्यात बरणीतले जाडे मीठ हवेतला ओलावा ओढून पाझरू लागते, तशीच याची वृत्ती आहे. फरक एवढाच की मीठ ओले झालेले दिसते, ब्रेक ऑइल दिसायला तसेच राहते.

पण ब्रेकची व्यवस्था तर चारी बाजूंनी बंद असते, मग ओलावा शिरतो कसा? त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट बॉनेटखालच्या छोट्या टाकीच्या झाकणातून. पॅड झिजत जातात तशी टाकीतली पातळी खाली येते, तेव्हा वरची पोकळी भरायला हवा आत यावी लागते, नाहीतर पोकळीत निर्वात तयार होईल. म्हणून झाकणाला श्वास घेण्यापुरती सोय असते आणि हवेबरोबर बाष्पही येते. दुसरी वाट कमी ओळखीची आहे. स्टिअरिंग वळवताना पुढची चाके फिरतात, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात लोखंडी नळीऐवजी रबरी होज असतो. रबर द्रवाला अडवते, पण पाण्याच्या बाष्पाला पूर्णपणे अडवू शकत नाही. होजच्या भिंतीतून आणि कॅलिपरच्या रबरी सीलमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपत राहतात.

ही दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण ती पाणी नेमके सर्वांत तापणाऱ्या जागी, म्हणजे कॅलिपरजवळ आणून सोडते. द्रव फिरत नसल्याने ते पाणी तिथून हलतही नाही. झाकण कधी न उघडलेल्या, महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीतही हे चालूच असते. म्हणून ब्रेक ऑइलचे वय किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. रत्नागिरीत किंवा पणजीत पावसाळ्याचे चार महिने हवा बाष्पाने भरलेली असते, सोलापुरात उन्हाळ्यात ती कोरडी असते. त्यामुळे एकाच दिवशी भरलेले द्रव दोन ठिकाणी वेगवेगळ्या गतीने ओले होते. होजचे रबर कसले आहे यावरही ही गती अवलंबून असते. ढोबळमानाने वर्षाला एक ते दोन टक्के पाणी मुरते असे धरून चालतात.

आकड्यांचा अर्थ

बाटलीवर आणि टाकीच्या झाकणावर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. डॉट ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरे. त्यांच्या मानकात प्रत्येक दर्जासाठी दोन उत्कलनबिंदू ठरवून दिले आहेत. पहिला ताज्या, कोरड्या द्रवाचा. दुसरा मुद्दाम ओलावा शोषायला लावलेल्या द्रवाचा, ज्यात पाणी साधारण ३.७ टक्के झालेले असते. या दुसऱ्या आकड्यामागे वापरून जुने झालेल्या द्रवाची अवस्था धरलेली आहे.

डॉट ३ कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ओले झाल्यावर किमान १४० अंशांपर्यंत. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. हे किमान आकडे आहेत, चांगल्या उत्पादकाचे द्रव यापेक्षा थोडे वरचेच असते.

हे आकडे उभे-आडवे वाचण्यात खरी गंमत आहे. नव्या डॉट ३ आणि नव्या डॉट ४ मध्ये पंचवीस अंशांचे अंतर आहे, पण दोन्ही ओले झाले की ते पंधरावर येते. उलट एकाच डॉट ४ च्या कोरड्या आणि ओल्या अवस्थेत तब्बल पंचाहत्तर अंशांचा फरक आहे. ताजे डॉट ३ हे जुन्या, ओल्या डॉट ४ पेक्षा पन्नास अंश अधिक सोसते. दर्जा कोणता यापेक्षा ते कधी भरले याला जास्त महत्त्व आहे, हे या चार आकड्यांतच लिहून ठेवले आहे. शिवाय ही घसरण एकसारखी नसते. पहिल्या एक-दोन टक्के पाण्यातच उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो, नंतर तो सावकाश उतरतो.

डॉट ४ मध्ये ग्लायकॉल ईथरबरोबर बोरेट एस्टर नावाचे संयुग असते. आत आलेल्या पाण्याशी ते रासायनिक क्रिया करून त्याला बांधून टाकते, त्यामुळे मोकळे पाणी कमी राहते आणि उत्कलनबिंदू काही काळ वर टिकतो. पण या क्रियेत बोरेट एस्टर स्वतः खर्ची पडते. ते संपत आले की संरक्षणही संपते.

डॉट ५ हा आकडा मात्र दिशाभूल करणारा आहे. तो डॉट ४ च्या पुढची पायरी नसून वेगळेच रसायन आहे, सिलिकॉनचे. सिलिकॉन पाणी शोषत नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर वाटते, मग प्रश्नच मिटला! पण ओलावा आत शिरायचा थांबत नाही, त्याला फक्त विरघळायला जागा उरत नाही. मग त्याचे सुटे थेंब होतात, ते सर्वांत खालच्या जागी, म्हणजे पुन्हा कॅलिपरमध्येच, साचतात. हे सुटे पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळते, थंड प्रदेशात गोठते आणि एकाच जागी राहून धातू कुरतडते. त्याशिवाय सिलिकॉनमध्ये हवा बरीच विरघळते, त्यामुळे पेडल किंचित मऊ लागते आणि एबीएस असलेल्या गाड्यांना ते चालत नाही.

म्हणजे ग्लायकॉल द्रव पाणी शोषून घेतो ही त्याची खोड वाटली तरी तीच त्याची उपयुक्तता आहे. आत येणारच असलेल्या पाण्याला तो सगळीकडे विखरून, पातळ करून सांभाळतो. शंभर अंशांना उकळणाऱ्या थेंबाऐवजी दीडशेच्या वर उकळणारे मिश्रण हातात राहते. या सांभाळण्याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा येण्याआधी द्रव बदलणे हा त्याच व्यवहाराचा भाग आहे.

पसरणी घाटाचा हिशेब

दीडशे अंश तापमान खरोखर कधी येते का, हे एका उदाहरणाने पाहू. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरायचे. उंचीतला फरक साधारण सहाशे मीटर, रस्ता सुमारे बारा किलोमीटर. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,३०० किलो समजू.

सहाशे मीटर खाली येताना या गाडीची सुमारे ७६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून त्यातली वीस-बावीस लाख ज्यूल खातात. उरली सुमारे ५५ लाख. पेट्रोल वाचवायचे म्हणून चालकाने गाडी न्यूट्रलवर टाकली असेल तर ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. दोन लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही आहे. उतरायला पंचवीस मिनिटे लागली तर हा दर साडेतीन किलोवॅटच्या वर जातो. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो, म्हणजे प्रत्येकीवर सतत पंचवीस मिनिटे हजार वॅटपेक्षा जास्त. अशा वेळी डिस्कचे तापमान तीनशे अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. पॅड आणि दट्ट्या यांच्यातून ती उष्णता झिरपत कॅलिपरमधल्या द्रवापर्यंत येते.

समजा ते द्रव १५० अंशांपर्यंत तापले. नवे डॉट ३ असते तर अजून पंचावन्न अंशांची सवड होती. ओले झालेले डॉट ३ असेल तर ते दहा अंश आधीच उकळले. ओले डॉट ४ असेल तर जेमतेम पाच अंश उरले, एक जास्तीचे वळण पुरे.

उकळले म्हणजे नेमके काय होते? पाय पेडलवर असताना नळीत प्रचंड दाब असतो आणि दाबाखाली उत्कलनबिंदू चढतो, म्हणून दाबलेल्या ब्रेकमध्ये बुडबुडे सहसा होत नाहीत. वळण संपते, पाय उचलला जातो, दाब उतरतो आणि त्या क्षणी बुडबुडे फुटू लागतात. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पट वाढते. एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढे, म्हणजे ०.०१ ग्रॅम पाणी वाफ झाले तर सतरा मिलिलिटर जागा मागते. ती जागा करून देण्यासाठी द्रव मागे टाकीकडे ढकलला जातो. आता मास्टर सिलिंडरचा हिशेब पाहा. दट्ट्या वीस मिलिमीटर व्यासाचा आणि तीस मिलिमीटर सरकणारा असेल तर पेडल तळापर्यंत दाबूनही तो साडेनऊ मिलिलिटरच्या आसपासच द्रव ढकलू शकतो. सतरा मिलिलिटर वाफ साडेनऊने दाबली तर दाब जेमतेम दुपटीच्या थोडा वर जातो. पॅड जोरात आवळायला मात्र हवेच्या दाबाच्या कितीतरी दसपट दाब लागतो. पेडल तळाला टेकते आणि गाडी तशीच जात राहते. त्या इवल्याशा पाण्याचा एवढा परिणाम का होतो, ते या हिशेबातून कळते.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट इथेच समजते. गाडी चालत असताना वारा डिस्कला गार करत असतो. घाट संपल्यावर चहासाठी थांबलो की तो वारा थांबतो, पण डिस्कमधली उष्णता कॅलिपरकडे येतच राहते. त्यामुळे द्रवाचे तापमान थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत आणखी चढते. घाटभर साथ दिलेले ब्रेक चहा पिऊन निघताना पहिल्याच वळणावर दगा देतात ते यामुळे. घाट सुरू होतानाच दुसरा गिअर टाकला तर या उष्णतेचा बराच मोठा भाग इंजिन स्वतःकडे घेते आणि ब्रेक फक्त वळणापुरते वापरावे लागतात.

घाटात ब्रेक कमी पडण्याचे दुसरेही कारण असते आणि ते वेगळे ओळखता येते. पॅड अतितप्त झाले की त्यांची पकड सुटते, पण तेव्हा पेडल कडकच राहते. जोर लावूनही गाडी थांबत नाही. द्रव उकळला असेल तर पेडल मऊ होते, खोल जाते. मऊ पेडलवर पहिला उपाय म्हणजे ते भराभर पंप करणे, कारण प्रत्येक वेळी टाकीतून थोडे द्रव पुढे येते आणि बुडबुड्यांची जागा भरून काही दाब तयार होतो. त्याच वेळी खालचे गिअर एकेक करून टाकायचे आणि ज्या गाडीचा हँडब्रेक केबलचा आहे तिथे तो हळूहळू ओढायचा. केबलला द्रवाशी कर्तव्य नसते. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तिला तडा जातो. ब्रेक हात लावण्याइतके गार होईपर्यंत थांबावे. त्यानंतर पेडल पुन्हा कडक झाले म्हणून निर्धास्त होऊ नये. द्रव ओला आहे याचा पुरावा मिळालेला असतो आणि तो बदलणे हेच पुढचे काम असते.

गंज

घाट ज्यांच्या वाटेत नाही त्यांचेही काम पाणी सोडत नाही. नव्या द्रवात गंजरोधक रसायने मिसळलेली असतात, ती वर्षागणिक खर्च होत जातात. ती विरळ झाली आणि पाणी वाढले की कॅलिपरच्या दट्ट्यावर, व्हील सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडतात. दट्ट्या अडकू लागतो, मग एका चाकाचे पॅड लवकर झिजतात किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. एबीएसच्या युनिटमधल्या झडपांची छिद्रे अतिशय बारीक असतात. तिथे हा गाळ पोचला तर खर्च द्रवाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

किती दिवसांनी बदलायचे

आपल्याकडच्या बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेत दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, या जवळपासची मुदत दिलेली असते. काही उत्पादक तीन वर्षे देतात. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या दुचाकींनाही साधारण दोन वर्षे लागू होतात. तिथे हँडलवरच्या टाकीत द्रव फारच थोडे असते, त्यामुळे थोड्या पाण्यानेही टक्केवारी लवकर चढते. पुस्तिकेतली मुदत कमाल समजावी. गाडी किनाऱ्यावर राहात असेल आणि वरचेवर घाट चढत-उतरत असेल तर दोन वर्षांच्या पुढे जाऊ नये.

रंग पाहून ठरवू नये. काळसर झालेले द्रव जुने असण्याची शक्यता मोठी, कारण त्यात रबराचे आणि धातूचे कण मिसळलेले असतात. पण फिकट, स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही तीन टक्के पाणी असू शकते. पेनसारखे दिसणारे दिवे लागणारे तपासयंत्र बऱ्याच गॅरेजमध्ये असते. ते विजेच्या वहनावरून पाण्याचा अंदाज देते आणि द्रवाच्या प्रकारानुसार तो अंदाज चुकतो. द्रवाचा थोडा नमुना प्रत्यक्ष तापवून उत्कलनबिंदू मोजणारे यंत्र अधिक भरवशाचे. तरीही नमुना टाकीतून घेतलेला असेल तर एक मर्यादा राहते. होजमधून आलेले पाणी कॅलिपरजवळ अडकलेले असते, त्यामुळे टाकीतला आकडा नेहमी वस्तुस्थितीपेक्षा बरा दिसतो.

याच कारणाने टाकीत वरून भर घालणे म्हणजे द्रव बदलणे नव्हे. पातळी वाढते, पण नवे द्रव टाकीतच राहते आणि चाकाजवळचे जुने जागचे हलत नाही. शिवाय पॅड झिजल्याने खाली आलेली पातळी नवे पॅड टाकल्यावर आपोआप वर येते. मध्ये भर घातलेली असेल तर ते द्रव उतू जाते. पातळी पॅड चांगले असतानाही उतरत असेल तर गळती शोधली पाहिजे.

बदलण्याचे काम असे होते. आधी टाकीतले जुने द्रव पिचकारीने काढून घेतात आणि नवे भरतात. मग प्रत्येक चाकाचा ब्लीडर निपल आळीपाळीने उघडून, एकाने पेडल दाबत, नळीतून स्वच्छ आणि बुडबुडेरहित द्रव येईपर्यंत जुने बाहेर काढतात. बहुतेक गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही मॉडेलमध्ये क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा. साध्या मोटारीला साधारण एक लिटर पुरते. दोन गोष्टी मेकॅनिककडून सांभाळल्या जातात की नाही हे उभे राहून पाहण्यासारखे आहे. मधेच टाकी रिकामी होऊ देऊ नये, कारण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर जोडावा लागतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत आपटू नये. मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या टोकाला, जिथे दट्ट्या एरवी जात नाही, तिथे गंज असतो आणि त्यावर घासून सील फाटतात.

द्रव निवडताना टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच दर्जा घ्यावा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच रसायनकुळातले असल्याने एकमेकांत मिसळले तर अपाय होत नाही; डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालते, डॉट ४ सांगितलेल्या गाडीत डॉट ३ घालून दर्जा उतरवू नये. सिलिकॉनचे डॉट ५ यांच्यात कधीही मिसळू नये. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे तेल असे कोणतेही खनिज तेल चुकून थोडेसे जरी पडले तरी ब्रेकमधले सगळे रबर फुगते आणि सील, होज, मास्टर सिलिंडर असे सगळेच बदलण्याची वेळ येते. तीनशे अंशांच्या वरचा उत्कलनबिंदू सांगणारे शर्यतीचे द्रव रोजच्या गाडीला घेऊ नये. त्यातली अनेक द्रवे ओलावा अधिक वेगाने ओढतात आणि शर्यतीच्या चमू ती फार थोड्या वापरानंतर बदलतात.

बाटली सीलबंदच हवी आणि तिच्यावरची निर्मितीची तारीख फार जुनी नसावी. एकदा उघडलेल्या बाटलीत हवा शिरते, म्हणून गॅरेजच्या फळीवर अर्धी पडून असलेल्या बाटलीतले द्रव नव्याच्या भावाने घेऊन जुनेच भरल्यासारखे होते. काम करताना रंगावर थेंब सांडला तर तो पुसत बसू नये, भरपूर पाण्याने लगेच धुवावा. हे द्रव रंग खाते, पण पाण्यात सहज विरघळत असल्याने तितक्याच सहज निघूनही जाते.

काम झाल्यावर महिना आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी टाकीजवळ चिकटवून घ्यावी. जुनी गाडी विकत घेतली आणि अशी चिठ्ठी किंवा सर्व्हिसची नोंद दिसली नाही, तर द्रव कधीचे आहे याचा तर्क करत बसू नये. पहिला घाट उतरण्याआधी ते बदलून टाकावे आणि दोन वर्षांची मोजणी त्या दिवसापासून सुरू करावी.